पंच्याण्णव रुपयांची रांग

मुलगी झाल्यावर सहा वर्षं मी घरी होते. त्यानंतर मिळालेली पहिली नोकरी वसईजवळच्या वालीवची. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. लोखंडी जिना चढून जायचं, दार उघडलं की खालच्या मशीनचा हादरा पायांना जाणवायचा. विरारहून मी स्कूटरने यायचे. नोकरीसाठी दीड वर्षात अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी "मधली सहा वर्षं काय केलंत?" हा एकच प्रश्न आला होता. इथे तो आला नाही. साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, फक्त विचारलं, "सोमवारपासून येता?"

ऑफिसात आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यातले सगळ्यात मोठे काका. वय साठीला टेकलेलं. वसई पश्चिमेच्या एका ख्रिस्ती गावातले, घराभोवती केळीची वाडी असलेले. तरुणपणी ते शेअर बाजारात होते, जेव्हा सौदे ओरडून, हातवारे करून व्हायचे. पुढे सगळं पडद्यावर गेलं, तेव्हा त्यांच्याबरोबरचे बरेच जण घरी बसले. काका मात्र प्रोग्रामिंग शिकले. चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या स्वतः, पुस्तकं आणून. बायकोचा फोन आला की ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. मला त्यातला एक शब्द कळायचा नाही, पण आवाज एकदम मऊ झालेला कळायचा.

आम्ही जे बनवत होतो ते एका छोट्या बाजाराचं इंजिन होतं, म्हणजे सौदे जुळवणारा प्रोग्राम. बाजार प्लास्टिकच्या दाण्याचा. बादल्या, डबे, झाकणं ज्याच्यापासून होतात तो दाणा, पंचवीस किलोच्या गोण्यांत येतो. आमच्या भागात त्याचे घेणारे खूप, विकणारे खूप, आणि भाव ठरायचा फोनवर, ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने. मग व्यापाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या एका मंडळाने ठरवलं की एकाच प्रतीच्या दाण्याचे भाव सगळ्यांना दिसतील असा ऑनलाइन बाजार काढायचा. घेणाऱ्याने आपला भाव टाकायचा, विकणाऱ्याने आपला, जुळले की सौदा. काम साहेबांना मिळालं आणि इंजिन काकांनी लिहिलं.

मला ते पहिल्यांदा काकांनीच समजावलं, पाठकोऱ्या कागदावर.

"दोन झाडं आहेत," ते म्हणाले. "एक घेणाऱ्यांचं, एक विकणाऱ्यांचं. झाडावर प्रत्येक भावाला एक जागा. कमी भाव डावीकडे, जास्त उजवीकडे. त्या त्या भावाच्या जागेवर माणसांची रांग. आधी आला तो पुढे. विकणारा आला तर कुणाकडे जाईल?"

"सगळ्यात जास्त भाव देणाऱ्याकडे."

"म्हणजे घेणाऱ्यांच्या झाडात सगळ्यात उजवीकडच्या टोकाला. विकणाऱ्यांच्या झाडात उलटं, सगळ्यात डावीकडे. ही दोन टोकं मी वेगळी लिहून ठेवतो, म्हणजे सगळ्यात चांगला भाव विचारला की झाडात उतरावं लागत नाही. टोकाची रांग संपली की शेजारचा भाव नवं टोक."

"आणि कुणाला ऑर्डर रद्द करायची असेल तर?"

ते हसले. "तेच खरं काम. सौदे सगळे टोकाला होतात. रद्द कुठूनही होतं."

मग त्यांनी दाखवलं. प्रत्येक ऑर्डरला एक नंबर. नंबरावरून ऑर्डर सरळ सापडते, झाडभर शोधत बसायचं नाही. ऑर्डरजवळ तीन पत्ते असतात. आपल्या पुढे कोण, आपल्या मागे कोण, आणि आपण कुठल्या भावाच्या जागेवर उभे आहोत. रद्द करायचं म्हणजे पुढच्याचा आणि मागच्याचा हात एकमेकांच्या हातात द्यायचा आणि मधून निघून जायचं. रद्द होणारा रांगेत पहिलाच असेल, तर भावाच्या जागेवर जाऊन सांगायचं, आता पहिला हा नाही, ह्याच्या मागचा. आणि रांगेत कुणीच उरलं नाही तर तो भावच झाडातून काढून टाकायचा.

मी घरी येऊन तो कागद पुन्हा काढून पाहिला. सहा वर्षांनी मला काहीतरी पूर्ण समजलं होतं.

पाच-सहा महिने बरे गेले. बाजार सुरू झाला. वालीवमधल्या गाळ्या-गाळ्यांत लोक मोबाइलवर भाव बघू लागले. मग काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते सुट्टीवर गेले.

त्याच आठवड्यात माझा कॉम्प्युटर बिघडला. साहेब म्हणाले, काकांच्या मशीनवर बसा. आमच्याकडे तसं चालायचं. एका सकाळी मी काकांचा कोड वाचत होते आणि भाव झाडातून काढून टाकण्याच्या भागाशी थांबले. सत्तरेक ओळी होत्या. झाडातली जागा काढताना तिच्या खाली एकच फांदी असेल तर सोपं असतं, ती फांदी वर ओढायची. दोन्ही बाजूंना फांद्या असतील तर अडचण. मग तिच्या लगतचा मोठा भाव शोधून त्याला तिच्या जागी बसवावं लागतं. काकांनी हे करताना ती पूर्ण जागाच उचलली होती. वरचे, खालचे, डावे, उजवे सगळे धागे सोडवून नव्या ठिकाणी बांधले होते. मला कॉलेजात शिकवलेलं आठवलं. एवढा खटाटोप कशाला? लगतच्या मोठ्या भावाच्या जागेतलं सगळं, भाव, रांग, एकूण माल, रिकाम्या झालेल्या जागेत उतरवून घ्यायचं आणि ती दुसरी जागा काढून टाकायची. सत्तर ओळींचं काम बारा ओळींत. पाठ्यपुस्तकात असंच असतं.

मी केलं. त्या सत्तर ओळींच्या वर काकांची एक टीप होती, तीही त्यांच्याबरोबर गेली. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. मला फार बरं वाटलं. काका आले की दाखवू, म्हणून मी ते पुढे, चालू बाजारात, पाठवलं नाही, तसंच त्यांच्या मशीनवर ठेवलं. एक वाजता मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती, मी निघाले.

त्या दुपारी काका ऑफिसात आले. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. एका डोळ्यावर पट्टी. एका पावतीवरचा आकडा चुकत होता आणि तो त्यांच्या मनातून जाईना, म्हणून रिक्षा करून आले. तासभर बसले, तेवढं दुरुस्त केलं, आणि मशीनवर जे काही बदललेलं होतं ते सगळं एकदम पुढे पाठवलं. त्यात माझ्या बारा ओळी गेल्या. हे मला दुसऱ्या दिवशी नोंदीत दिसलं. बदल पाठवणारा म्हणून काकांचं नाव, खाली वेळ.

मला वाटलं त्यांनी पाहिलं. पाहिलं आणि आवडलं. मी आठवडाभर त्यांच्या कौतुकाची वाट पाहिली. ते परत आल्यावर काहीच बोलले नाहीत, मग मीही विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीने एवढी छोटी गोष्ट असेल, असं मी मनाशी ठरवलं.

दोन महिने काहीच झालं नाही. का झालं नाही, हे मला नंतर कळलं. सौदे टोकाला होतात. सगळ्यात मोठ्या भावाच्या उजवीकडे काहीच नसतं, त्यामुळे टोकाची जागा काढताना तिला कधीच दोन फांद्या नसतात. माझ्या बारा ओळी चालायच्या त्या फक्त मधल्या भावाची शेवटची ऑर्डर कुणी रद्द केली तरच. चाचण्यांमध्ये आम्ही सौदे हजारो केले होते. असं मधूनच रद्द करणं त्यांत नव्हतं.

मग एका सकाळी आमचा लोखंडी जिना चढून एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील, हाताच्या चिरांमध्ये रंग बसलेला. साताऱ्याकडून आलेले, वालीवलाच एका गाळ्यात एक मशीन टाकून मुलांच्या डब्यांची झाकणं काढायचे. बायको मशीनवर बसायची, हे माल पोचवायचे. त्यांनी बसायला नकार दिला.

"मॅडम, माझ्या दारात टेम्पो उभा आहे," ते म्हणाले. "चार टन दाणा. एकशे साठ गोण्या. मी मागवलेला नाही."

मी म्हटलं, "काही गैरसमज असेल. बसा तरी."

"काल सकाळी मी किलोला पंच्याण्णव रुपयांनी घ्यायची ऑर्डर टाकली होती. साडेअकराला माझ्या गिऱ्हाइकाने झाकणं नको म्हणून कळवलं. मी लगेच ऑर्डर रद्द केली. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर स्पष्ट होतं, ऑर्डर रद्द झाली, अकरा वाजून अडतीस मिनिटं. "आणि हे बघा, दुपारी तीनला सौदा झाला. त्याच ऑर्डरचा. रद्द झालेल्या ऑर्डरचा सौदा होतो कसा?"

साहेब आतून बाहेर आले. त्यांनी मोबाइल पाहिला, परत दिला आणि मंडळाला फोन लावला. मंडळाचं उत्तर आम्हालाही ऐकू येत होतं. झालेला सौदा मोडता येत नाही. विकणाऱ्याची काही चूक नाही, त्याने माल पाठवला. पैसे तर आधीच मंडळाकडे जमा होते, ते वळते झाले.

"त्या पैशांत मला मशीनचा स्क्रू बदलायचा होता," ते गृहस्थ म्हणाले. कुणाकडे न बघता. स्क्रू म्हणजे दाणा वितळवून साच्यात ढकलणारा लांब दांडा, मशीनमधला महागातला भाग. "गाळ्यात जागा पण नाही हो. गोण्या उतरवल्या तर मशीनपर्यंत जायला वाट राहत नाही."

टेम्पोवाला सारखा फोन करत होता. शेवटी ते गेले.

साहेबांनी दार लावून घेतलं. "काका, काय झालंय ते आजच्या आज पाहिजे."

बाजारातली प्रत्येक ऑर्डर, रद्द झालेली प्रत्येक ऑर्डरसुद्धा, आम्ही क्रमाने लिहून ठेवायचो. आदल्या दिवसाची यादी घेऊन काकांनी ती पहिल्यापासून पुन्हा चालवली, एकेक पायरी थांबवत. मी शेजारी बसले होते. डोळा अजून पूर्ण सुधारला नव्हता म्हणून त्यांनी अक्षरं खूप मोठी केली होती, पडद्यावर एका वेळी जेमतेम दहा ओळी मावत. कागदावर ते झाड काढत होते. वर चौऱ्याण्णव. डावीकडे ब्याण्णव, त्याखाली एक्याण्णव आणि त्र्याण्णव. उजवीकडे शहाण्णव, त्याखाली पंच्याण्णव आणि सत्त्याण्णव.

"पावणेअकरा," ते म्हणाले. "चौऱ्याण्णववर एकच माणूस, त्याने रद्द केलं. रांग रिकामी. चौऱ्याण्णव झाडातून काढायचा. दोन्ही बाजूंना फांद्या. लगतचा मोठा पंच्याण्णव. तो वर येणार."

मला पुढचं दिसलं, त्यांच्या आधी.

त्यांनी पुढची पायरी टाकली. पडद्यावर माझ्या बारा ओळी आल्या. काका वाचत राहिले. मग एकदम मागे सरकले.

"हे काय आहे?"

त्यांनी त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"पंच्याण्णवची रांग उचलून चौऱ्याण्णवच्या जागेत ओतली," ते हळूहळू म्हणाले, जणू मला शिकवत होते. "आणि पंच्याण्णवची जुनी जागा काढून टाकली. पण रांगेतल्या माणसांना कुणी सांगितलं? त्यांच्याजवळ अजून जुनाच पत्ता आहे. पाहिलंस? मग अकरा अडतीसला हा झाकणवाला रद्द करायला आला. तो रांगेत पहिला, त्याच्या मागे अजून एक जण. इंजिन त्याच्या पत्त्यावर गेलं आणि सांगितलं, आता पहिला हा नाही, ह्याच्या मागचा. पण ते सांगितलं कुठे? काढून टाकलेल्या जागेला. खऱ्या जागेवर पहिला अजून हाच. त्याला कळवलं रद्द झालं. नंबरांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. आणि रांगेच्या तोंडाशी तो उभाच. दुपारी भाव उतरून पंच्याण्णववर आला, आणि पहिला कोण? हा."

"म्हणजे तो रांगेत पहिला नसता तर काही झालं नसतं," मी म्हटलं.

"मधला असता तर नसतंच झालं. मधल्याला पत्त्याची गरजच पडत नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण हे मी लिहिलेलं नव्हतं. मी तर जागाच हलवायचो, आतला माल नाही. तशी टीपसुद्धा टाकली होती वर."

त्यांनी नोंद उघडली. बदल पाठवणारे, त्यांचंच नाव. तारीख, ती दुपार.

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

"मी आलो होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "पट्टी बांधून. पावतीचं काम होतं. हे पण केलं मी?" मग माझ्याकडे वळून, "मला आठवत नाही गं. अजिबात आठवत नाही."

तो क्षण मी त्यानंतर अनेकदा मनात मागे नेला आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, काका, ते मी केलं. चार शब्द. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब आले आणि उभ्यानेच विचारलं, "सापडलं?"

"सापडलं," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

साहेबांनी नोंद पाहिली. तारीख पाहिली. "डोळ्यावर पट्टी बांधून कोड लिहायला बसलात, काका? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

काका म्हणाले, "कुणी नाही."

मी खाली बघत होते. मला घराचा हप्ता आठवला नाही, मुलीची फी आठवली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण सगळ्यात आधी आठवला तो अकरा मुलाखतींमधला प्रश्न. मधली सहा वर्षं काय केलंत? आता त्यात आणखी एक भर पडली असती. मी गप्प राहिले. उद्या सांगू, असं ठरवलं.

दुरुस्ती मलाच सांगितली. मी जुन्या नोंदींमधून काकांच्या सत्तर ओळी काढून परत जागेवर ठेवल्या. टीपही परत आली. मधल्या भावाची ऑर्डर रद्द करण्याच्या चाचण्या लिहिल्या. दुपारी चारपर्यंत झालं. साहेब म्हणाले, "एका दिवसात केलंत. वा." काका तेव्हा पलीकडच्या खुर्चीत बसले होते.

मंडळाने लेखी खुलासा मागितला. साहेबांनी लिहून दिलं की संबंधित व्यक्ती वयस्क होती, आजारी रजेवर असताना परवानगीशिवाय बदल केला, आणि त्या व्यक्तीला कामावरून कमी केलं आहे. हे मी वाचलं, कारण शुद्धलेखन तपासायला ते माझ्याकडेच आलं होतं. काकांनी स्वतःच राजीनामा दिला होता, पण पत्रात तसं नव्हतं. मी दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पत्र परत दिलं.

तरी मंडळाने बाजार बंद केला. लोकांचा भरवसा गेला होता, आणि तो योग्यच गेला होता. रद्द म्हटलेलं रद्द होत नसेल तर त्या पडद्याचा उपयोग काय? सगळे परत फोनवर आले. झाकणवाल्या गृहस्थांना कुठूनच काही मिळालं नाही. विकणारा म्हणाला माझा संबंध नाही, मंडळ म्हणालं नियम आहे, साहेब म्हणाले करारात लिहिलंय की आमची जबाबदारी नाही. दाणा त्यांना पडत्या भावात विकावा लागला. मशीनचा स्क्रू झिजून गेला, झाकणं वाकडी यायला लागली, काम तुटलं. पावसाळ्यानंतर मी त्यांच्या गाळ्यावरून गेले तर तिथे दुसऱ्या कुणाचं तरी पत्रे वाकवायचं काम चालू होतं. ते स्वतः मला एकदा दिसले, कामण फाट्याच्या बाजूच्या एका कारखान्याच्या फाटकाशी, पाळीची वाट बघत असलेल्यांमध्ये. मी स्कूटर थांबवली. त्यांनी ओळखलं.

"बरं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय," ते म्हणाले. "ते म्हातारे गृहस्थ कसे आहेत? त्यांना काढलं म्हणे. उगाच काढलं हो. माणूस भला होता. मला येऊन भेटून गेले, माफी मागून गेले."

हे मला माहीत नव्हतं. काका त्यांच्या गाळ्यावर गेले होते, माझ्या चुकीची माफी मागायला.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. बारा ओळी, सकाळ, काकांचं मशीन, पालकांची सभा. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." ते टेबलावरचं पेन फिरवत होते. "मी मंडळाला लेखी दिलंय. आता मी काय लिहू, की मी खोटं लिहिलं होतं? बाजार परत चालू होणार आहे का? त्या माणसाचं मशीन परत येणार आहे का?"

"काकांना तरी परत बोलवा."

"कशासाठी? आपण आता दुकानांची बिलं बनवतो. इंजिन बंद आहे." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्ही आधी बोलायला हवं होतं, मॅडम. आता बोलून तुम्हाला मोकळं वाटेल, बाकी काही होणार नाही."

मी राजीनामा देऊ का विचारलं. ते म्हणाले, देऊ नका, तुमच्याशिवाय बिलाचं काम अडेल. मी दिला नाही. हेही लिहून ठेवते.

त्या रविवारी मी काकांच्या घरी गेले. त्यांच्या गावात शिरल्यावर रस्ता एकदम अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळी आणि विहिरी. चर्चची मिसा सुटली होती, माणसं परतत होती. त्यांच्या पत्नींनी दार उघडलं, मला ओळखलं नाही, पण आत घेतलं. काका ओटीवर खुर्चीत होते. आठ महिन्यांत फार वाळले होते. मला बघून खूप आनंदले. इंजिनचं विचारलं नाही, मुलीचं विचारलं.

मी चहा येण्याआधीच सांगायला सुरुवात केली. थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"तू चांगली मुलगी आहेस," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही काका. खरंच मी केलं."

"त्या दिवशी तू ऑफिसात नव्हतीस. मला नीट आठवतं. मी आलो तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. तुझी पिशवी पण नव्हती."

"मी सकाळी होते. एक वाजता गेले. तुम्ही तीनला आलात."

"नोंद तीननंतरची आहे."

"पाठवलं तुम्ही. लिहिलं मी. तुमच्या मशीनवर पडून होतं ते. तुमच्या लक्षात नाही आलं."

"माझ्या मशीनवर दुसऱ्याच्या बारा ओळी पडल्या आहेत आणि मला दिसल्या नाहीत?" ते थोडे हसले. "पंधरा वर्षांत असं कधी झालं नाही. पाठवायच्या आधी मी प्रत्येक ओळ वाचतो."

"तुमच्या डोळ्याला पट्टी होती."

"दुसरा डोळा होता ना." मग त्यांचा चेहरा पडला. "नाही गं. ते माझंच आहे. आता बरंच काही असं होतं. परवा मी बँकेत गेलो आणि कशाला आलो ते विसरलो. हिला विचार. त्याची सुरुवात तिथून झाली, एवढंच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी रडायला लागले. त्यांनी पत्नीला हाक मारली, पाणी आणायला सांगितलं, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटावं म्हणून ती दोघं धडपडत होती.

मी पुन्हा गेले. दोन आठवड्यांनी एकदा, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी शाळेच्या सभेची सूचना, त्या दिवशीची, बरोबर नेली. त्यांनी ती हातात घेऊन नीट वाचली, तारीख पाहिली आणि म्हणाले, "बघ, म्हणजे तू नव्हतीसच." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या कागदावरून तेवढंच सिद्ध होत होतं.

निघताना त्यांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या. काकांना ऐकू जाणार नाही इतक्या लांब आल्यावर थांबल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "राग मानू नकोस. तू यायचं बंद कर."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तू येऊन गेलीस की ते आठवायला बसतात. दोन-दोन दिवस. त्या दिवशी काय केलं, कुठे बसले, काय लिहिलं. जेवत नाहीत. मला विचारतात, मी घरातून किती वाजता निघालो होतो? मला कुठे आठवतंय? मग चिडतात, मग रडतात. तू नाही आलीस की विसरून जातात. केळीला पाणी घालतात, झोपतात."

"पण ते मीच केलं होतं," मी म्हटलं. "तुम्हाला तरी पटतंय ना?"

त्यांनी फाटकाची कडी हातात घेतली. "पटून काय करू?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायला गेले तर ते माझ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, तू पण तिच्यासारखंच माझ्यासाठी खोटं बोलतेस."

त्यांनी फाटक लावून घेतलं. मी नंतर गेले नाही.